स्वयंपाकघरातला दिवा मध्येच का विझतो?

संध्याकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की दिवा आपोआप लागावा आणि माणूस बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने आपोआप विझावा. स्मार्ट घराच्या नादाला लागणाऱ्या बहुतेकांची पहिली हौस हीच असते. त्यासाठी सामानही फार लागत नाही. हालचाल ओळखणारा एक सेन्सर, एक स्मार्ट बल्ब किंवा स्विचबोर्डाच्या आत बसणारा रिले, आणि या दोघांची गाठ घालून देणारा हब, एवढ्यात काम भागतं. चार दिवस घरात कौतुक होतं. मग कुरबुरी सुरू होतात. फोडणी कढईत असताना दिवा विझतो. कधी विझून लगेच परत लागतो. कधी घरचे सगळे झोपले तरी तो जळतच असतो.

अशा वेळी संशय आधी सेन्सरवर जातो, मग बल्बवर, मग वायफायवर. सेन्सर बदलून पाहिला जातो, राउटर हलवला जातो, आणि दिव्याचा स्वभाव काही बदलत नाही. खोट पुष्कळदा हबमधल्या एका छोट्या सेटिंगमध्ये असते, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. एक काम चालू असतानाच तेच काम पुन्हा सुरू करायचा इशारा आला तर काय करायचं, हे ते सेटिंग ठरवतं. त्याला मोड म्हणतात.

इथे होम असिस्टंटचं उदाहरण घेऊ. पॉलस स्काउटसेन यांनी 2013 मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या हातावर मावणाऱ्या संगणकावरही चालतं. त्यात ‘अमुक घडलं की तमुक कर’ अशा सूचनेला ऑटोमेशन म्हणतात. ऑटोमेशनचे तीन भाग असतात. ज्यामुळे काम सुरू होतं तो ट्रिगर, सुरू करायचं की नाही हे ठरवणारी अट, आणि प्रत्यक्ष कृती. मोडची सोय जुलै 2020 च्या 0.113 या आवृत्तीत आली. त्याआधीचा कारभार अजबच होता. दिवा लावून ऑटोमेशन दोन मिनिटं थांबलेलं असताना पुन्हा हालचाल झाली, तर उरलेलं थांबणं रद्द होऊन ते थेट पुढच्या पायरीवर जायचं. पुढची पायरी दिवा विझवण्याची. म्हणजे माणूस हलला की अंधार! लोकांनी त्यावर नाना तोडगे काढले होते. मोड आल्यावर त्यातले बरेच मोडीत निघाले.

सगळ्यात साधं ऑटोमेशन असं असतं: हालचाल दिसली की दिवा लाव, दोन मिनिटं थांब, दिवा विझव. आता या कामावर हबऐवजी एक मुलगा बसवलाय असं समजा. त्याला बंडू म्हणू. सेन्सर हाक मारतो, बंडू बटण दाबतो, घड्याळ लावून दोन मिनिटं मोजतो आणि बटण बंद करतो. प्रश्न एवढाच, की मोजणी चालू असताना दुसरी हाक आली तर बंडूने काय करायचं?

समजा, सेन्सर चपळ आहे. हालचाल थांबली की दहा सेकंदांत तो ‘आता कुणी नाही’ असं सांगून मोकळा होतो. तुम्ही रात्री आठ वाजता स्वयंपाकघरात आलात. पहिली हाक आठला गेली, दुसरी चाळीस सेकंदांनी, तिसरी दीड मिनिटाने, म्हणजे 8:01:30 ला. लगेच तुम्ही बाहेर पडलात.

सिंगल मोडमध्ये बंडू एका वेळी एकच काम करतो आणि ते करताना कान बंद ठेवतो. पहिल्या हाकेला त्याने मोजायला घेतलं, दुसरी आणि तिसरी हाक वाऱ्यावर गेली. दिवा 8:02:00 ला विझला. तुम्ही नुकतेच बाहेर पडला होता म्हणून निभावलं. भांडी घासत उभे असता, तरी त्याने तेवढ्याच ठामपणे बटण बंद केलं असतं. मग अंधारात पुढची हालचाल व्हायची, नवी हाक जायची आणि दिवा पुन्हा लागायचा. दर दोन मिनिटांनी डोळे मिचकावणारा दिवा दिसला की आधी सिंगलवर संशय घ्यावा. होम असिस्टंटमध्ये मोड न निवडता ऑटोमेशन जतन केलं तर हाच मोड लागतो, त्यामुळे बहुतेक घरांतली पहिली तक्रार इथूनच येते.

रीस्टार्टमध्ये प्रत्येक नव्या हाकेला बंडू चालू मोजणी सोडून देतो आणि पहिल्यापासून मोजायला लागतो. आपल्या उदाहरणात शेवटची हाक 8:01:30 ची, म्हणून दिवा 8:03:30 ला विझतो. हालचालीवरच्या दिव्याकडून आपली अपेक्षा हीच असते. शेवटच्या हालचालीपासून दोन मिनिटं.

क्यूडमध्ये बंडू हाकांच्या चिठ्ठ्या करून ठेवतो आणि एकेक निकालात काढतो. पहिलं काम 8:02:00 ला संपतं, दिवा विझतो. लगेच दुसरी चिठ्ठी, दिवा लागतो, दोन मिनिटं जळतो, 8:04:00 ला विझतो. मग तिसरी, 8:06:00 पर्यंत. तुम्ही दीड मिनिटातच निघून गेला होतात. रिकाम्या स्वयंपाकघरात साडेचार मिनिटं दिवा जळतो, मध्ये दोनदा लुकलुकतो, आणि घरातल्या एखाद्या मावशीला भुताटकीची शंका येते. रांगेत एका वेळी किती कामं मावतील याला मर्यादा असते. ती न सांगता दहा धरलेली आहे, आणि चालू असलेलं कामही त्यातच मोजलं जातं. गर्दीच्या घरात दहा चिठ्ठ्या साचल्या तर माणसं जाऊनही दिवा वीसेक मिनिटं खेळत राहतो.

चौथा मोड पॅरलल. यात दर हाकेला नवा बंडू उगवतो, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, बटण मात्र एकच. पहिला बंडू 8:02:00 ला दिवा विझवतो. तुम्ही 8:02:10 ला परत आलात, चौथा बंडू दिवा लावतो. पण 8:02:40 ला दुसऱ्या बंडूची दोन मिनिटं भरतात. त्याला चौथ्याशी काही देणंघेणं नाही, तो बटण बंद करतो. दिवा कधी तीस सेकंद टिकतो, कधी दीड मिनिट. कुठलंच गणित जुळत नाही, तेव्हा मोड पॅरलल आहे का ते बघावं.

इथवर सरळ आहे. रीस्टार्ट निवडा आणि मोकळे व्हा, असा सल्ला देऊन बरेच जाणकार थांबतात. हा सल्ला अर्धाच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात खरा त्रास आहे. रीस्टार्ट लावूनही दिवा मध्येच विझतो अशी घरं भरपूर सापडतील.

याचं कारण हाक म्हणजे काय, यात आहे. सेन्सर हबला ‘हालचाल, हालचाल’ असं दर हालचालीला ओरडून सांगत नाही. हबच्या दृष्टीने सेन्सरच्या दोनच अवस्था असतात, `on` आणि `off`. ट्रिगर लागतो तो अवस्था बदलताना, `off` वरून `on` वर जाताना. सेन्सर `on` वरच टिकून राहिला तर बदल नाही. बदल नाही तर ट्रिगर नाही, आणि ट्रिगर नाही तर रीस्टार्टही नाही.

सेन्सर किती वेळ `on` राहतो हे त्याच्या जातीवर अवलंबून असतं. अकाराचा जुना, लोकप्रिय, झिगबीवर चालणारा छोटा सेन्सर घ्या. मॉडेल क्रमांक RTCGQ11LM. बॅटरी वाचवण्यासाठी एकदा हालचाल कळवली की तो पुढची साठ सेकंद काहीच कळवत नाही. शिवाय ‘आता कुणी नाही’ हेही तो स्वतः सांगत नाही. झिगबीटूएमक्यूटीटी या पुलामार्फत तो जोडला असेल, तर शेवटच्या निरोपानंतर नव्वद सेकंद वाट बघून तो पूलच त्याला `off` करतो. मधल्या काळात नवा निरोप आला की नव्वद सेकंद पुन्हा पहिल्यापासून.

आता हा सेन्सर आपल्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोर लावू. ऑटोमेशन साधंच, मोड रीस्टार्ट, थांबायचं दोन मिनिटं. आई सात वाजता आत आल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. 7:00:00 ला सेन्सर `on` झाला, दिवा लागला, मोजणी सुरू झाली. पुढचं मिनिटभर सेन्सर गप्प. मिनिट संपल्यावर त्याला पुन्हा लाटणं हलताना दिसलं, त्याने निरोप धाडला, पुलाने नव्वद सेकंद वाढवून दिले. हबच्या लेखी काय घडलं? काहीच नाही. सेन्सर `on` होता, `on` आहे. 7:02:00 ला मोजणी पूर्ण झाली आणि दिवा विझला.

पुढचं तर आणखी छळणारं. आई वैतागून सेन्सरसमोर हात हलवतात. सेन्सर ते बघतो, निरोप पाठवतो आणि `on` वरच राहतो. दिवा लागण्यासाठी आधी सेन्सर `off` व्हायला हवा, आणि तो `off` होण्यासाठी नव्वद सेकंद एकही निरोप जायला नको. म्हणजे जितके हात हलवाल तितका अंधार लांबतो. शेवटी आई भिंतीवरचं बटण दाबतात आणि ‘हे काढून टाक आधी’ असं फर्मान निघतं. माझ्या मते ते रास्तच आहे.

सिंगलचा दोष आणि हा दोष वेगळा कसा ओळखायचा? सिंगलमध्ये अंधार झाल्यावर जरा हललं की दिवा परत लागतो. इथे हलून काही होत नाही, स्तब्ध राहिलं किंवा बाहेर जाऊन आलं तरच लागतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तर निम्मं निदान झालं.

यावरचा उपाय होम असिस्टंटने स्वतःच देऊन ठेवलाय. डिसेंबर 2020 च्या आवृत्तीपासून त्यात ब्लूप्रिंट म्हणजे तयार साचे आले, आणि हालचालीवरच्या दिव्याचा साचा सोबतच मिळतो. त्यातली युक्ती अशी, की दिवा लावल्यावर लगेच मोजायला घ्यायचं नाही. आधी सेन्सर `off` होण्याची वाट बघायची, आणि मग मोजायचं. तोच साचा थोडा बदलून हाताने लिहिला तर असा दिसतो:

```yaml
mode: restart
triggers:
  - trigger: state
    entity_id: binary_sensor.kitchen_motion
    from: "off"
    to: "on"
actions:
  - action: light.turn_on
    target:
      entity_id: light.kitchen
  - wait_for_trigger:
      - trigger: state
        entity_id: binary_sensor.kitchen_motion
        to: "off"
  - delay: "00:00:30"
  - action: light.turn_off
    target:
      entity_id: light.kitchen
```

आता आई वीस मिनिटं पोळ्या लाटू देत. सेन्सर `on` आहे तोवर ऑटोमेशन `wait_for_trigger` या पायरीवर स्वस्थ बसून राहतं. समजा त्या 7:20 ला बाहेर गेल्या आणि सेन्सरचा शेवटचा निरोप 7:19:30 चा होता. नव्वद सेकंदांनी, 7:21:00 ला सेन्सर `off` होईल. तिथून तीस सेकंद मोजून 7:21:30 ला दिवा विझेल. मूळ साच्यात थांबण्याचा वेळ 120 सेकंद धरलेला आहे. पण सेन्सरची स्वतःची नव्वद सेकंदं त्यात मिळवावी लागतात, म्हणून या सेन्सरला तीस सेकंद पुरतात. चपळ सेन्सर असेल तर मात्र दोन मिनिटं ठेवलेली बरी.

मग रीस्टार्टचं काम उरलं कुठे? उरलं त्या शेवटच्या तीस सेकंदांत. सेन्सर `off` झालाय, मोजणी चालू आहे आणि 7:21:10 ला आई मीठ घ्यायला परत आल्या. सेन्सर पुन्हा `on` झाला, ट्रिगर लागला, जुनी मोजणी रद्द झाली आणि ऑटोमेशन पुन्हा वाट बघायच्या पायरीवर जाऊन बसलं. इथे सिंगल असता तर ही हाक वाया गेली असती, 7:21:30 ला दिवा विझला असता, आणि सेन्सर `on` असल्याने तो लागलाही नसता. वाट बघणं आणि रीस्टार्ट दोन्ही बरोबर लागतात, एकाने भागत नाही.

वरच्या तुकड्यात एक बारकावा आहे. ट्रिगरमध्ये `from: "off"` लिहिलंय, वाट बघण्याच्या पायरीत मात्र `from` नाही. सेन्सरचा संपर्क तुटला की त्याची अवस्था `unavailable` होते. संपर्क परत आल्यावर तो `unavailable` वरून थेट `on` झाला तर रात्री दोनला उगाच दिवा लागू नये, म्हणून ट्रिगरमध्ये `from` हवं. उलट वाट बघताना सेन्सर `on` वरून `unavailable` आणि तिथून `off` झाला, तर `from: "on"` असलेली पायरी तो बदल मोजतच नाही आणि दिवा ताटकळत जळत राहतो. म्हणून तिथे ते नको.

दुसरा मोठा सापळा अटींचा. दिवसा दिवा लागू नये म्हणून बरेच जण उजेड मोजणारा सेन्सर जोडतात आणि अट घालतात: उजेड तीस लक्सच्या खाली असेल तरच. अट बिनचूक आहे, चूक तिच्या जागेत दडलेली असते. होम असिस्टंट ट्रिगर लागल्यावर आधी अट तपासतो, मग मोडचा विचार करतो. अट नापास झाली तर रीस्टार्ट होतच नाही. आता दिवा लागलेला आहे, त्याच्याच उजेडाने सेन्सर शंभरच्या वर लक्स दाखवतोय आणि आई मिठासाठी परत आल्या. ट्रिगर लागला, अट नापास, जुनी मोजणी आपली चालूच, आणि त्या डबा उघडत असतानाच दिवा गेला. रीस्टार्ट लिहिलेला असूनही वागणं सिंगलसारखं.

हे कळल्यावर काही जण अट ट्रिगरच्या मागून काढून कृतीच्या पहिल्या पायरीवर नेतात. त्याने रोग बदलतो, बरा होत नाही. आता ट्रिगर लागला की अडवायला अट नाही, म्हणून रीस्टार्ट होतो आणि जुनं काम रद्द. मग नवं काम पहिल्याच पायरीवर अटीला अडखळून संपतं. दिवा विझवणारं कुणी उरलंच नाही, तो रात्रभर जळतो. अट बाहेर असेल तर दिवा लवकर विझतो, आत असेल तर विझतच नाही. हे लक्षात असलं की तक्रार ऐकूनच अट कुठे बसलीय ते सांगता येतं.

बरोबर मांडणी अशी, की अट बाहेरच ठेवायची पण तिला पर्याय द्यायचा. अंधार असेल किंवा दिवा आधीच लागलेला असेल, तर पुढे जा:

```yaml
conditions:
  - condition: or
    conditions:
      - condition: numeric_state
        entity_id: sensor.kitchen_lux
        below: 30
      - condition: state
        entity_id: light.kitchen
        state: "on"
```

याचा एक परिणाम पत्करावा लागतो. कुणी दुपारी हाताने दिवा लावला, तरी पुढच्या हालचालीपासून ऑटोमेशन त्याचा ताबा घेईल आणि माणूस गेल्यावर विझवेल. स्वयंपाकघरात ते चालतं. अभ्यासाच्या खोलीत चालेल की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

तिसरी गोष्ट हौशी मंडळींची. प्रत्येक खोलीला वेगळं ऑटोमेशन कशाला, म्हणून ते एकाच ऑटोमेशनमध्ये स्वयंपाकघर, बाल्कनी आणि पॅसेज असे तिन्ही सेन्सर कोंबतात. ज्या सेन्सरने हाक दिली त्याच्या खोलीचा दिवा लावायचा. लिहायला फार सुटसुटीत. पण मोड ऑटोमेशनला असतो, खोलीला नसतो. रीस्टार्टमध्ये तुम्ही स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये आलात की पॅसेजच्या हाकेने स्वयंपाकघराचं काम रद्द होतं. मग पॅसेजचा दिवा नीट विझतो आणि स्वयंपाकघराचा जळत राहतो. घरभर फिरून आलात की शेवटची खोली सोडून सगळीकडे उजेड! पॅरलल लावला तर खोल्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, पण एकाच खोलीतल्या दोन हाका एकमेकींशी भांडायला लागतात. यावर हुशारीचे उपाय आहेत, ते करत बसू नयेत. तयार साच्यातून प्रत्येक खोलीसाठी वेगळं ऑटोमेशन मिनिटभरात बनतं, आणि साचे आले ते त्यासाठीच.

मग क्यूड कुणी वापरावा? जिथे एकही हाक गाळून चालत नाही आणि क्रमही महत्त्वाचा असतो, तिथे. घरातला स्पीकर बोलून निरोप देत असेल तर त्याला हा मोड शोभतो. कपडे धुऊन झाले, पाण्याची टाकी भरली, दारावर कुणी आलंय. हे तीन निरोप एकदम आले तर सिंगलमध्ये दोन हरवतात, रीस्टार्टमध्ये पहिल्या दोघांची वाक्यं अर्धवट तुटतात, पॅरललमध्ये कालवा होतो. क्यूडमध्ये एकामागून एक सगळे ऐकू येतात. फक्त प्रत्येक निरोपानंतर बोलणं संपेपर्यंत थांबायची पायरी घालावी लागते. नाहीतर स्पीकरला हुकूम देऊन ऑटोमेशन तत्क्षणी मोकळं होतं आणि रांगेला काही अर्थ राहत नाही. आणखी एक लक्षात ठेवायचं. हाक कुणी मारली हे रांगेतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं राहतं, पण घरातल्या इतर गोष्टींची स्थिती वाचली जाते ती पाळी येईल त्या वेळची. टाकी भरल्याच्या निरोपाआधी टाकी खरंच भरली आहे का असं कृतीत विचारलं, तर उत्तर दोन मिनिटांनंतरचं मिळेल.

या सगळ्याची तपासणी अंदाजाने करायची गरज नाही. होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशन उघडून `Traces` वर गेलात की शेवटच्या पाच वेळांचा पायरीवार नकाशा मिळतो. ट्रिगर किती वाजून किती सेकंदांनी लागला, अट पास झाली की नापास, काम शेवटपर्यंत गेलं की मध्येच थांबवलं गेलं, सगळं तिथे असतं. एक काम चालू असल्यामुळे दुसरं नाकारलं गेलं, असा शेरा दिसला तर मोड सिंगल आहे. लॉगमध्येही तेव्हा `Already running` अशी सूचना उमटते. अट नापास दिसली तर लक्सची भानगड. आणि दिवा विझला त्या सुमारास एकही नवा ट्रेस नसेल, तर सेन्सर `on` वर अडकून होता. मग ऑटोमेशन सोडून सेन्सरच्या इतिहासाचा आलेख उघडावा. तिथे लांबच लांब अखंड पट्टा दिसतो. मोड बदलायचा तर ऑटोमेशनच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत `Change mode` आहे.

मोडच्या आवाक्याबाहेरच्याही काही गोष्टी आहेत. एक म्हणजे वीज जाणं. हबला यूपीएस नसेल आणि वीज मोजणीच्या मधोमध गेली, तर हब परत उठल्यावर अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू होत नाही. `delay` असो की `wait_for_trigger`, पुन्हा सुरू होताना सगळं पुसलं जातं. त्यात अनेक स्मार्ट बल्ब वीज आल्यावर आपोआप पेटतात, म्हणजे विझवणारा कुणी नसलेला पेटता दिवा. ज्या गावात हे रोजचं आहे तिथे मोजणी ऑटोमेशनच्या पोटात न ठेवता वेगळ्या टायमरकडे द्यावी. होम असिस्टंटच्या टायमर या साधनाला `restore: true` असं सांगून ठेवलं की हब उठल्यावर तो उरलेली मोजणी पूर्ण करतो. सेन्सर `on` झाला की दिवा लावायचा आणि टायमर रद्द करायचा, `off` झाला की टायमर सुरू करायचा, टायमर संपला की दिवा विझवायचा. या मांडणीत प्रत्येक काम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. चालू काम असं काही उरतच नाही, त्यामुळे मोड सिंगल असला तरी बिघडत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. हे स्वस्त सेन्सर माणूस ओळखतात ते शरीर आणि भोवतालची भिंत यांच्या उष्णतेतल्या फरकावरून. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला भिंतीच शरीराइतक्या तापल्या की फरक मिटतो आणि सेन्सर समोरून गेलेल्या माणसालाही चुकतो. तेव्हा ट्रेस उघडून मोड बदलत बसण्यात हशील नाही. सेन्सर उन्हाच्या भिंतीसमोरून काढून, माणसं ज्याच्या पुढून आडवी जातात अशा कोपऱ्यात हलवावा. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर दिसतो.

न्हाणीघराची गोष्ट आणखी निराळी. तिथे माणूस आत असूनही बराच वेळ स्तब्ध असू शकतो, आणि हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरच्या दृष्टीने स्तब्ध माणूस म्हणजे माणूस नाहीच. तिथे थांबण्याचा वेळ सरळ दहा मिनिटं करावा, किंवा दारावर उघडझाप ओळखणारा सेन्सर बसवावा. दार बंद झाल्यानंतर एकदा जरी हालचाल दिसली, तर दार पुन्हा उघडेपर्यंत माणूस आत आहे असं धरायचं आणि दिव्याला हात लावायचा नाही.